अंधाऱ्या माजघराच्या फोटोत खिडकीचं ऊन आणि दिव्याचा उजेड कसा आणायचा?

मनवा_स

आजोळच्या घराचा एक जुना फोटो आहे. राजापूरजवळचं कौलारू घर. फोटो माजघराचा आहे, मोबाइलवर काढलेला आणि बराच काळोखा. डावीकडे गजांची खिडकी दिसते, समोर सारवलेली जमीन, उजव्या भिंतीशी भाताची कणगी. मागच्या भिंतीत कोनाडा आहे, तिथे आजी दिवा ठेवायची. आता पुढची पडवी पत्रे लावून बंद केली आहे, त्यामुळे तो उजेड आत येत नाही आणि नवा फोटो काढण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी खिडकीतून ऊन जमिनीवर यायचं ते मला या फोटोत हवं आहे. जिंपमध्ये खिडकीखाली तिरका चौकोन आखून पिवळा रंग भरला, मोड सॉफ्ट लाइट ठेवला, कडा धूसर केल्या. ऊन वाटतच नाही, जमिनीवर पिवळा प्लास्टिकचा कागद पसरल्यासारखं दिसतं. कोनाड्याभोवती नारिंगी वलय काढलं तेही चिकटवल्यासारखं दिसतं. नेमकं काय बदलू?

दादरकर_काका

खोलीत ९ वॅटचा एलईडी लावा, वॉर्म व्हाइट. पाचशे रुपयांत काम होईल.

मनवा_स

काका, खोलीत नाही, फोटोत उजेड हवा आहे :)

दादरकर_काका

अच्छा! मग तरुण मंडळींना बोलू द्या.

फिरस्ता_के

सॉफ्ट लाइट फिका पडतो, ओव्हरले वापर. पिवळ्याऐवजी नारिंगीकडे झुकणारा रंग घे, मोठ्या मऊ ब्रशने मार, वरून थोडा गॉसियन ब्लर दे. मी लग्नाच्या फोटोंत नेहमी असंच करतो. ब्लर जितका जास्त तितकं खरं वाटतं.

कौलारू

फिरस्ता, रंग उबदार घ्यायचं बरोबर आहे, बाकीचं या फोटोला लागू पडणार नाही. लग्नाच्या हॉलमध्ये उजेड मुळात सगळीकडून येतो, त्यामुळे मऊ ब्रश खपून जातो. इथे एकाच खिडकीतून ऊन येतं आहे.

मनवाताई, मी घरांच्या आतल्या फोटोंवर संस्करणाचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऊन म्हणजे जमिनीवर चढवलेला रंग नव्हे. त्या जागेवर प्रकाश काही पटींनी वाढतो. सारवलेल्या जमिनीचा फिका भाग जितक्या पटीने उजळतो तितक्याच पटीने गडद फराटाही उजळतो, म्हणून उन्हात पोत जास्त ठळक होतो. तुम्ही रंग भरलात तेव्हा फिकं आणि गडद दोन्ही एकाच पिवळ्याकडे ओढलं गेलं आणि पोत बुजला. ओव्हरलेही अगदी काळोख्या भागाला फारसा उचलत नाही.

म्हणून असं करा. `Image > Precision` मध्ये जाऊन चित्र 32-bit floating point करून घ्या. मूळ लेयरची नक्कल करा आणि त्या नकलेत सगळ्या खोलीवरच ऊन पडलं आहे असं समजून `Colors > Exposure` अडीच स्टॉपने वाढवा, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. मग `Colors > Color Temperature` ने ती उबदार करा. आता या लेयरला काळा मास्क लावा. सगळं पुन्हा काळोखं दिसेल. मास्कवर जिथे पांढरं कराल तिथेच ऊन उगवेल. मग उरतो एकच प्रश्न: त्या पांढऱ्याचा आकार काय आणि जागा कोणती.

मनवा_स

केलं! एका जागी नुसता ब्रश फिरवून पाहिला आणि सारवणाचे फराटे दिसायला लागले. आता आकार. खिडकीच्या बरोबर खाली तिरका चौकोन चालेल ना?

कौलारू

आधी सांगा, खिडकीबाहेर पडवी किती रुंद होती आणि तिचं छप्पर कुठवर खाली येत होतं? उंबरठ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत खोली किती खोल आहे? भिंत जांभ्याची असेल तर जाडीही हवी.

नीरजा

एवढं मोजायचं कशाला? फोटोच तर आहे. डोळ्यांना बरं दिसलं की झालं.

कौलारू

नीरजाताई, कोकणातल्या घरात पडवीचं छप्पर इतकं खाली असतं की दुपारी तीनचं ऊन माजघरात येऊच शकत नाही. ज्यांनी त्या घरात दिवस काढले त्यांना खिडकीखाली पडलेलं ऊन खटकतंच. कारण त्यांना सांगता येत नाही, पण खटकतं. मनवाताईंनाही मला वाटतं तेच खटकतंय.

मनवा_स

मामेभावाला फोन केला, त्याने टेप लावून मोजलं. पडवीच्या वाशांची टोकं अजून दिसतात म्हणे. पडवी २ मीटर रुंद, छपराची कड जमिनीपासून १.९ मीटरवर. भिंत ४५ सेंटिमीटर जाड. खिडकीचा खालचा कठडा ८० सेंटिमीटरवर, वरची चौकट १.८ मीटरवर. खोली खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ४ मीटर. गज १२ मिलिमीटरचे, आतल्या अंगाला बसवलेले. खिडकी पश्चिमेला आहे.

कौलारू

भावाला शाबासकी द्या.

कागदावर खोलीचा उभा छेद काढला. पडवीची कड आणि कठड्याची आतली कड या दोन बिंदूंतून रेघ ओढली तर ती जमिनीशी साधारण २४ अंशांचा कोन करते. सूर्य त्याहून वर असेपर्यंत थेट ऊन आत येणं अशक्य आहे. तुमचा चौकोन खिडकीला लागून आहे, म्हणजे सूर्य बराच वर असताना पडला असता तसा. त्या घरात तो कधीच पडला नसेल.

आता सूर्य १५ अंशांवर घेऊ, म्हणजे सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी. कठड्यावरून येणारा किरण खिडकीपासून ३ मीटरवर जमिनीला टेकतो. पडवीच्या कडेखालून येणारा किरण ४.६ मीटरवर टेकला असता, पण भिंत ४ मीटरवरच आहे, म्हणून तो भिंतीवर सुमारे १७ सेंटिमीटर उंचीला लागतो. म्हणजे ऊन खोलीच्या लांबच्या टोकाला, शेवटच्या मीटरभर जमिनीवर पडतं आणि समोरच्या भिंतीवर वीतभर चढतं. खिडकीजवळची जमीन मात्र काळोखीच राहते.

मनवा_स

हो!! अगदी असंच. कणगीच्या पायाशी ऊन यायचं आणि आम्ही तिथे बसायचो. खिडकीखाली कुणीच बसायचं नाही, तिथे काळोख असायचा. हे मी विसरूनच गेले होते.

बे_एरियाचा_बंड्या

मस्त धागा. इथे आमच्या घरी डिसेंबरात भरदुपारीही सूर्य तीस अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दुपारचं ऊन हॉलभर आत येतं आणि जूनमध्ये खिडकीशीच थांबतं. मला वाटायचं पडद्यांमुळे. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या बैठकीच्या फोटोत टेबल लॅम्प बंद राहिला आहे, तो चालू दाखवायचा आहे. मागच्या भिंतीवर गोल वलय काढलं, पण जमत नाहीये.

कौलारू

बंड्या, शेड वरून आणि खालून उघडी आहे ना? मग भिंतीवर गोल पडणार नाही. शेडच्या वरच्या तोंडातून प्रकाश शंकूच्या आकारात बाहेर पडतो, आणि उभी भिंत त्या शंकूला कापते तेव्हा वर उघडत जाणारी कमान उमटते. खाली तशीच उलटी कमान. मध्ये शेडच्या उंचीचा पट्टा मंद राहतो, तिथे फक्त कापडातून गाळून आलेला प्रकाश असतो. कमानीची कड शेडजवळ सर्वांत उजळ, दूर जाताना विरत जाते. दिवा भिंतीपासून जितका लांब तितकी कमान रुंद आणि फिकी. घरात तोच दिवा लावून एकदा भिंतीकडे बघ, लगेच ध्यानात येईल.

बे_एरियाचा_बंड्या

लावून पाहिला. खरंच कमान आहे! इतकी वर्षं दिसली नव्हती.

मनवा_स

आकार फोटोत बसवताना अडकले. जमीन सारवलेली आहे, फरशीच्या रेघा नाहीत. तिरकेपणा कसा धरू? आणि कडा किती मऊ ठेवू?

कौलारू

फोटोवर थेट आखूच नका. वेगळ्या चित्रात जमिनीचा वरून पाहिलेला नकाशा काढा, १ सेंटिमीटरला १० पिक्सेल. म्हणजे ४ मीटरच्या खोलीला ४००० पिक्सेल. खिडकीची भिंत वरच्या बाजूला धरा. काळ्या पार्श्वभूमीवर ३ मीटरपासून ४ मीटरपर्यंत खिडकीच्या रुंदीचा पांढरा पट्टा आणि त्यात गजांच्या काळ्या रेघा. ब्लर इथेच द्यायचा. मग पर्स्पेक्टिव्ह टूलने नकाशाचे चार कोपरे फोटोतल्या जमिनीच्या चार कोपऱ्यांवर ओढायचे. एखादा कोपरा चौकटीबाहेर असेल तर भिंतींच्या पायाच्या रेघा पुढे वाढवून तो शोधायचा. असं केलं की गजांच्या सावल्या आपोआप योग्य तिरक्या होतात आणि मऊपणाही दूर जाताना योग्य प्रमाणात आक्रसतो.

मऊपणाचं कारण असं की सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो साधारण अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावलीची कड अडथळ्यापासूनच्या अंतराच्या साधारण १०७व्या भागाइतकी धूसर होते. तुमच्या गजांपासून जमीन ३ मीटरहून थोडी जास्त दूर आहे, म्हणजे कड सुमारे ३ सेंटिमीटर. गज तर १२ मिलिमीटरचाच. म्हणजे गजाची सावली पूर्ण काळी होऊच शकत नाही. ऊन सुरू होतं तिथे ती साधारण निम्मी गडद, भिंतीजवळ त्याहून फिकी. नकाशात गजांच्या रेघा १२ मिलिमीटरच्याच, म्हणजे १२ पिक्सेलच्या ठेवा. ब्लर दिल्यावर त्या आपोआप पुसट होतील.

फिरस्ता म्हणाला तसा सरसकट मोठा ब्लर मात्र नको. `Gaussian Blur` मध्ये X आणि Y वेगळे देता येतात. X साधारण ८ ठेवा, Y ३०. सूर्य खाली असल्यामुळे किरण जमिनीला फार तिरके लागतात आणि येण्याच्या दिशेत धूसरपणा जवळपास चौपट ताणला जातो. म्हणून गजांच्या उभ्या सावल्या बऱ्यापैकी ओळखू येतात आणि कठड्याची आडवी कड मात्र दहा-बारा सेंटिमीटर विरघळलेली असते. भिंतीवरच्या १७ सेंटिमीटरच्या पट्टीला वेगळा मास्क करा. तिची वरची कड पडवीने केलेली आहे आणि पडवी आणखी अडीच मीटर लांब, म्हणून तिथे सहा सेंटिमीटरपर्यंत मऊपणा चालेल. कौलांची नागमोड त्यात दिसणार नाही, ती काढायला जाऊ नका.

फिरस्ता_के

म्हणजे एकाच पट्ट्याच्या चारही कडा वेगवेगळ्या मऊ? हे मी कधी केलंच नव्हतं. माझ्या फोटोंत पडदे, फुलं, दिव्यांच्या माळा असतात, तिथे ओव्हरलेने भागतं हे मात्र अजूनही म्हणेन.

स्नेहल म.

मध्येच विचारते. म्हैसूरला रविवर्म्याचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे ना, त्यात दिवा असा काही पेटलेला वाटतो. तसं वलय जमेल का कोनाड्याला?

जोशीबुवा

स्नेहल, ते चित्र रविवर्म्यांचं नव्हे, आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे. जलरंगातलं. समोर त्यांची मुलगी उभी होती. आणि त्यात ज्योतीभोवती वलय काढून उजेड आणलेला नाही. ज्योत तिने हाताआड धरली आहे. बोटांतून लालसर झिरपलेला प्रकाश आणि चेहऱ्यावर खालून आलेला उजेड, एवढ्यावर दिवा पेटलेला वाटतो.

कौलारू

जोशीबुवांनी कोनाड्याचं उत्तर देऊनच टाकलं. मनवाताई, कोनाडा भिंतीच्या आत असतो. आत ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश, ज्या भिंतीत कोनाडा आहे तिच्या दर्शनी भागावर थेट पडूच शकत नाही. तो कोनाड्याच्या आतल्या बाजू उजळतो आणि समोर, म्हणजे जमिनीवर आणि पलीकडच्या भिंतीवर जातो. तुम्ही काढलेलं वलय नेमकं तिथे आहे जिथे उजेड जात नाही, म्हणून ते चिकटवल्यासारखं दिसतं. वलय पूर्ण पुसा. कोनाड्याचा आतला भाग भरपूर उजळा, ज्योतीपासून वर काजळीकडे थोडा कमी करत. जमिनीवर कोनाड्यासमोर अगदी मंद उजेड द्या. ज्योतीपासून कोनाड्याची बाजू १५ सेंटिमीटरवर आणि जमीन १.२ मीटरवर धरली तर अंतर आठपट, म्हणजे प्रकाश चौसष्टावा हिस्सा. सहा स्टॉपचा फरक. तिरपं पडण्यामुळे होणारी घट वेगळीच. लोक हा फरक दोन स्टॉपवर आणतात आणि मग तेलाचा दिवा हॅलोजनसारखा दिसतो.

पाटील_सर

पण कॅमेऱ्यात दिव्याभोवती वलय दिसतंच की. भिंगात प्रकाश पसरतो.

कौलारू

दिसतं, सर. पण ते भिंगातलं असतं, भिंतीवरचं नाही. त्यामुळे ते भिंतीच्या पोताशी संबंध न ठेवता सगळ्यावर सारखं पसरतं. तेवढं हवं असेल तर `Addition` मोडच्या लेयरवर अगदी हलकं काढावं. तिथे रंग वरून चढवणंच बरोबर आहे.

आणखी एक. ऊन आणि कोनाड्यातला दिवा एकाच फोटोत दोन्ही उठून दिसणार नाहीत. खरं ऊन दिव्याच्या उजेडाच्या कित्येक पट असतं. उन्हाला धरून एक्स्पोजर ठेवलं तर दिव्याची ज्योत दिसेल, तिचा उजेड दिसणार नाही.

मनवा_स

मग दोन वेगळे फोटो करते. एक तासभर आधीचा, एक दिवेलागणीचा.

उन्हाचा जवळपास झाला आहे, पण तीन गोष्टी अडल्या. कणगीवर पट्टा आडवाच निघून जातो. ऊन पडलंय पण बाकीची खोली आहे तशीच आहे, त्यामुळे काहीतरी कमी वाटतं. आणि उन्हाच्या भागात दाणेदार कचरा दिसतो.

कौलारू

कणगी कुठे उभी आहे? दर्शनी बाजू ३.४ मीटरवर धरली तर तिथे उन्हाची वरची हद्द जमिनीपासून सुमारे ३३ सेंटिमीटर येते. म्हणजे कणगीचा पायथा वीतदीड वीत उजळेल. तिच्यामागे जमिनीवर आणि भिंतीवर सावली, तिथे मास्क काळा करा. कणगी गोल आहे, म्हणून दोन्ही बाजूंकडे ऊन मंदावत न्या.

खोलीबद्दल: उन्हाचा पट्टा हा स्वतःच एक मोठा दिवा असतो. सारवलेल्या जमिनीवरून परतलेला प्रकाश तपकिरी-पिवळा होऊन भिंतीच्या खालच्या भागावर आणि कणगीच्या अंगावर खालून पडतो. एक्स्पोजर वाढवलेल्या लेयरची आणखी एक नक्कल घ्या, तिचा रंग जमिनीकडे झुकवा, मास्कवर पट्ट्याच्या आसपास खूप मऊ आणि फिका पांढरा द्या. लांब गेलं की झपाट्याने कमी. तुळयांची खालची बाजू जराशी उजळली तर उत्तमच. त्याचबरोबर मूळ खोली अर्धा स्टॉप खाली घ्या. ऊन आलं की कॅमेरा बाकीचं गडदच घेतो.

दाण्यांचं गणित उलटं आहे. खऱ्या फोटोत उजळ भागात कचरा कमी असतो आणि काळोखात जास्त. आपण काळोख्यातलं उचललं, म्हणून उन्हात तो जास्त दिसतो. उन्हाच्या लेयरवरच कचरा कमी करण्याचं फिल्टर चालवा, बाकी खोलीवर नको. कुठे मोबाइलनेच आधी सगळं पुसून गुळगुळीत केलं असेल, तर तिथला पोत परत येणार नाही. त्या जागी एक्स्पोजर दोन स्टॉपवर थांबवा.

नीरजा

हवेत धुळीचा झोतही काढा ना, तिरपा. फार छान दिसतो.

जोशीबुवा

चुलीचा धूर माजघरात असेल तरच. एरवी स्वच्छ हवेत झोत दिसत नाही.

नीरजा

आमच्या आजोळी रोज दिसायचा, धूर नसतानाही. केर काढला की दिसायचाच.

पाटील_सर

मला एक विचारायचं आहे. फोटो काढला त्या वेळी ऊन नव्हतं. मग हे घरच्या अल्बममध्ये लावायचं का? पुढच्या पिढीला तो पुरावा वाटेल.

मनवा_स

सर, याचा विचार मीही केला. मूळ फोटो शेजारी लावणार आहे आणि मागे लिहिणार आहे. पण मूळ फोटोतला काळोख हाही मोबाइलचाच आहे, त्या वेळी डोळ्यांना खोली इतकी काळोखी दिसत नव्हती.

पाटील_सर

शेजारी लावत असाल तर ठीक. तरी मला पटलं असं म्हणणार नाही.

दादरकर_काका

मला एक सांगा, ज्यांच्या घराची पडवी अजून उघडी आहे त्यांनी काय करावं? आमच्या गुहागरच्या घरी मी मे महिन्यात जाणार आहे.

कौलारू

काका, तुम्हाला मास्क लागणारच नाही. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का लावा, दिवेलागणीला एक फोटो दिवा न लावता आणि एक दिवा लावून घ्या. मध्ये कॅमेरा हलवू नका, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्हींत तेच ठेवा. बाहेरचा उजेड झपाट्याने कमी होत असतो, म्हणून दोन्ही पाठोपाठ घ्या. घरी आल्यावर दिव्याच्या फोटोतून बिनदिव्याचा वजा केलात की फक्त दिव्याचा उजेड उरतो. तो `Addition` मोडने परत मिळवताना हवा तेवढा कमी-जास्त करता येतो, रंगही बदलता येतो. उजेड उजेडात मिळतो म्हणून हे चालतं. फक्त फोटो रॉ घ्या, मोबाइलच्या जेपेगमध्ये ही वजाबाकी नीट जमत नाही.

दादरकर_काका

तिकाटणं आहे. रॉ म्हणजे काय ते नातवाला विचारतो.

मनवा_स

उन्हाचा फोटो टाकला आहे, पहा. गजांच्या सावल्या इतक्या पुसट ठेवल्या की भाऊ म्हणाला गज विसरलीस. मामीने मात्र लगेच विचारलं, हा दिवाळीतला का?

कौलारू

छान उतरला आहे. मामींचं निरीक्षण विचार करण्यासारखं आहे. तुम्ही पट्टा सरळ समोर टाकला आहे. दिवाळीत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला कलून मावळतो, म्हणून पट्टा उत्तरेकडे सरकलेला असायला हवा. फोटोत उत्तर कणगीच्या बाजूला असेल, तर तो आणखी थोडा तिकडे न्या. पट्टा सरळ समोर म्हणजे मार्च किंवा सप्टेंबर अखेर, आणि सप्टेंबरात तुमच्याकडे आभाळ मोकळं असेलच असं नाही. छपाईला देताना आधी छोटा तुकडा काढून पहा. कागदावर काळोख पडद्यापेक्षा जास्त बुडतो, तुळयांखालचा परतीचा उजेड सर्वांत आधी जाईल.

मनवा_स

उत्तर कणगीच्याच बाजूला आहे. नकाशात पट्टा तिरका करून पुन्हा बसवते. दिवेलागणीच्या फोटोत खिडकीतून निळसर उजेड किती ठेवायचा ते मात्र अजून कळत नाहीये. कोनाड्यातला दिवा दिसायचा तर बाहेर नेमकं किती अंधारलेलं हवं?